गल्ल्याबाहेर गेलेला पैसा आधी लिहा

हिशेब ठेवायचा म्हटलं की दुकानदार पहिली तक्रार करतो ती अशी: दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं येतात, कुणी पाच रुपयांचा शांपू नेतं, कुणी पाव किलो साखर, हे सगळं लिहीत बसलो तर माल कोण देणार? तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर सोपं आहे. प्रत्येक विक्री लिहू नका. किराणा दुकानात तशी गरजही नसते. लिहायचा तो गल्ल्यातून बाहेर गेलेला पैसा, आणि तोही हात गल्ल्यातून बाहेर येता येता. दुधवाल्याला दिलेले, हमालाला दिलेले, घरी भाजीसाठी नेलेले. आत आलेल्या पैशाचा आकडा संध्याकाळी काढता येतो. बाहेर गेलेला एकदा विसरला की कुठल्याही गणिताने परत सापडत नाही.

हे कसं होतं ते पाहण्यासाठी एक दुकान कल्पनेत उभं करू. तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान, चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली काकू म्हणते. सकाळी सातला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. मदतीला दुपारपुरता पुतण्या. काकूंचं शिक्षण दहावी, हिशेबाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलेलं नाही. त्यांना एक बांधलेली जाड वही आणि एक पेन एवढंच लागणार आहे.

वहीचं एक पान म्हणजे एक दिवस. मधोमध उभी रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. यालाच आपल्याकडे रोजमेळ म्हणतात; पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी याच जातीच्या. सकाळी गल्ला मोजला तेव्हा 2,340 रुपये होते, ते डावीकडे सगळ्यात वर 'आरंभीची शिल्लक' म्हणून लिहिले. दिवसभरात काकूंनी उजवीकडे एकेक ओळ टाकली. पाव-खारीवाल्याला 640. टेम्पोतून पोती उतरवली त्याची हमाली 120. चहा 60. दुपारी घरासाठी भाजी आणि गॅसवाल्याचे राहिलेले मिळून 700. संध्याकाळी पुतण्याबरोबर बँकेत भरायला पाठवले 5,000. डावीकडे एकच ओळ आली, कारण एका गिऱ्हाइकाने मागची उधारी रोखीने दिली: 1,500.

रात्री शटर अर्धं ओढून गल्ला मोजला. निघाले 3,180.

आता विक्री काढायची. गल्ल्यात उरलेले 3,180 आणि दिवसभरात बाहेर गेलेले 6,520, म्हणजे एकूण 9,700 रुपये आज या गल्ल्याने पाहिले. त्यातले 2,340 सकाळचेच होते आणि 1,500 जुन्या उधारीचे. उरले 5,860. ही आजची रोख विक्री. तो आकडा डावीकडे लिहिला की दोन्ही बाजूंची बेरीज 9,700 येते आणि मेळ बसतो. पाच मिनिटांचं काम.

घरखर्चाचे ते 700 लिहायचे राहिले असते तर? मेळ तरीही बसला असता. फक्त रोख विक्री 5,860 ऐवजी 5,160 दिसली असती. म्हणजे वही खोटं बोलली असती आणि वर छान जुळलीही असती. या पद्धतीची ही मोठी दुबळी बाजू आहे. ज्या आकड्याने बेरीज जुळवतो तोच आकडा आपण विक्री म्हणून धरतो, त्यामुळे हरवलेला, विसरलेला किंवा चोरीला गेलेला प्रत्येक रुपया 'आज धंदा कमी झाला' या वाक्यात लपून बसतो. हे पकडायची युक्ती आहे, पण ती तीन महिन्यांनी हाती येते. तिच्याकडे पुढे येऊ. रोजच्या रोज करण्यासारखं एकच आहे. गल्ल्यावरचा माणूस बदलला की गल्ला मोजायचा. दुपारी पुतण्या बसण्याआधी एकदा, तो उठल्यावर एकदा. यात पुतण्यावर अविश्वास नाही. गडबड दुपारची की संध्याकाळची एवढं तरी कळतं, आणि निर्दोष माणसावर संशय येत नाही.

घरासाठी नेलेल्या पैशाचं नाव 'उचल'. ही ओळ खर्चाच्या बाजूला येत असली तरी तो दुकानाचा खर्च नव्हे. हमाली दुकानासाठी झाली, भाजी काकूंसाठी. पुष्कळ दुकानदार हे सांगितल्यावर हसतात: दुकान माझं, गल्ला माझा, मग मी माझ्याच पैशाची नोंद कुणासाठी करू? नोंद परवानगीसाठी नसते. पुढे नफा काढायचा तर दुकानाने किती कमावलं आणि घराने त्यातून किती घेतलं हे दोन आकडे वेगळे लागतात. घरी नेलेला मालही उचलीतच मोडतो. तेलाची पिशवी, चहाची पुडी, पाहुणे आले म्हणून काढलेली बिस्किटं, सगळं खरेदीच्या भावाने, वहीच्या शेवटच्या पानावर.

आता यूपीआय. काकूंच्या काउंटरवर कोडचा स्टँड आहे आणि पैसे आल्याचा आवाज देणारी डबीही. तो पैसा गल्ल्यात येत नाही, सरळ बँकेत जातो, म्हणून रोजमेळाच्या बेरजेत त्याला जागा नाही. पण दिवसाच्या विक्रीत आहे. काकूंनी त्याच पानाच्या तळाशी एक पट्टी सोडली. रात्री ॲपमध्ये त्या दिवसाची जमा पाहिली, 4,210. हा आकडा तसाच विक्री म्हणून लिहायचा मोह होतो. त्यातले 800 मात्र एका गिऱ्हाइकाने मागच्या महिन्याच्या उधारीपोटी पाठवले होते. ज्या दिवशी माल गेला त्या दिवशीच ती विक्री लिहिली गेली आहे. आज पुन्हा लिहिली तर एकच साखर दोनदा विकल्यासारखं होईल. तेव्हा यूपीआयवरची विक्री 3,410. आज उधारीवर गेलेला माल 920. रोख 5,860 धरून आजची एकूण विक्री 10,190 रुपये.

गावाकडच्या दुकानात आणखी एक प्रकार चालतो. 'काकू, पाचशे पाठवले बघा, मला रोख द्या.' एटीएम लांब, किंवा बंद. काकू गल्ल्यातून पाचशे काढून देतात. इथे विक्री झालेली नाही, नफा झालेला नाही, पैसा फक्त गल्ल्यातून बँकेत सरकला. रोजमेळात खर्चाच्या बाजूला 'यूपीआय बदल्यात रोख 500' अशी ओळ, आणि तळच्या पट्टीत यूपीआयच्या जमेतून 500 वजा. ही ओळ चुकली की गल्ल्याची विक्री पाचशेने कमी आणि यूपीआयची पाचशेने जास्त दिसते. बेरीज योगायोगाने बरोबर येते, पण रोख आणि बँकेचे आकडे दोन्ही चुकतात.

हा तपशील क्षुल्लक वाटत असेल तर 2025 च्या जुलै महिन्यात कर्नाटकात काय झालं ते आठवावं. तिथल्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या आणि बेंगळूरुच्या बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या, भाजीवाले हादरले. बँकेत आलेला पैसा खात्याला दिसतो. त्यातला कुठला विक्रीचा, कुठला उधारी वसुलीचा आणि कुठला 'मला रोख द्या'चा हे बँकेला माहीत नसतं. ते फक्त त्या दिवशीच्या पानाला माहीत असतं.

उधारीची वही वेगळी हवी. रोजच्या वहीत उधारी लिहिणारे दुकानदार असतात आणि मग कुणाकडे किती येणं हे सांगायला त्यांना तीन महिन्यांची पानं चाळावी लागतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, पानावर पाच रकाने: तारीख, काय नेलं, रक्कम, जमा, बाकी. बाकी प्रत्येक ओळीला नव्याने काढायची, महिनाअखेरीला नव्हे, म्हणजे माणूस समोर उभा असतानाच आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. घाऊक व्यापाऱ्यांसाठी याच पद्धतीचा एक भाग मागून सुरू करायचा. सेल्समन बिल ठेवून जातो, पैसे पुढच्या फेरीला. आपण त्याला देणं लागतो ते तिथे. बिलं तारेला अडकवून ठेवली तरी चालतील, पण भरलेली आणि न भरलेली वेगवेगळी.

उधारीच्या वहीबद्दल कायद्याच्या दोन गोष्टी दुकानदाराला ठाऊक असाव्यात. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर दिलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायला माल दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात, असं 1963 चा मुदत कायदा सांगतो. ती मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने 'एवढी बाकी मला मान्य' असं लिहून सही केली, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजली जातात. म्हणून मोठ्या बाकीच्या पानावर वर्षातून एकदा सही घेणं शहाणपणाचं; पाडव्याला नवी वही घालताना ते अवघडल्यासारखंही होत नाही. दुसरी गोष्ट अशी की धंद्याच्या ओघात नियमित लिहिलेली वही पुरावा म्हणून चालते, पण फक्त तेवढ्यावरून समोरच्यावर देणं लादता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं, 2023 च्या नव्या कायद्यातही आहे. गाजलेल्या जैन हवाला प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सुटे कागद म्हणजे 'वही' नव्हे. बांधलेल्या, इतकंच काय स्पायरलच्या वहीलाही त्यांनी वही मानलं, फायलीत ठेवलेल्या सुट्या पानांना नाही. तेव्हा सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली उधारी रात्री वहीत उतरली पाहिजे. आणि गिऱ्हाइकाची सही कायद्याच्या दृष्टीने वहीपेक्षा मोलाची.

इथवर रोजचं काम झालं. यातून विक्री कळली, येणं कळलं, देणं कळलं. नफा अजून कळलेला नाही. काकूंना वाटतं तो गल्ल्यावरून कळतो. मुळीच नाही, आणि तो कसा कळतो हे समजायला एप्रिल ते जून हे तीन महिने पाहू.

31 मार्चच्या रात्री, म्हणजे 1 एप्रिलचं शटर उघडण्याआधी, काकूंनी दुकानातला माल मोजला. एक जण मोजतो आणि मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. उघडलेलं पोतं काट्यावर ठेवायचं, अंदाजाने 'अर्धं' लिहायचं नाही. भाव खरेदीचा लावायचा, छापील नव्हे. छापील किमतीने साठा धरला तर अजून न झालेला नफा आजच वहीत येतो. दुकान जीएसटीत नोंदलेलं नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असेल तर बिलावरचा कर धरून जी किंमत पडली ती खरेदी किंमत, कारण तो कर परत मिळणार नसतो. नियमित नोंदणी असेल तर कर वगळून. मुदत संपलेली बिस्किटं, किडा लागलेलं पीठ यांची किंमत शून्य, कंपनी बदलून देणार असेल तरच धरायची. पहिल्या वेळी एक रात्र जाते आणि पाठ धरते. नंतर फळी-फळीचा कागद तयार असतो, वेळ निम्मा लागतो.

30 जूनच्या रात्री तेच पुन्हा. मग दोन तारखांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. वाणिज्याच्या पुस्तकात याला अवस्था विवरण म्हणतात.

| | 1 एप्रिल | 30 जून |
|---|---|---|
| गल्ला | 2,600 | 3,200 |
| बँक | 41,400 | 18,800 |
| मालाचा साठा | 2,35,000 | 2,62,000 |
| उधारी येणं | 38,000 | 57,000 |
| फ्रीज, काटा, मांडण्या | 60,000 | 58,500 |
| एकूण | 3,77,000 | 3,99,500 |
| व्यापाऱ्यांचं देणं | 82,000 | 96,500 |
| थकलेलं भाडं | – | 6,000 |
| काकूंचं भांडवल | 2,95,000 | 2,97,000 |

दोन ओळी समजावून घेण्यासारख्या आहेत. जूनअखेर वहीत उधारी खरं तर 61,000 होती. त्यातले 4,000 अशा कुटुंबाचे, जे गाव सोडून गेलं आणि फोन उचलत नाही. ते मिळतील असं धरून नफा फुगवण्यात अर्थ नाही, म्हणून 57,000. फ्रीज-काट्याची किंमत 1,500 ने उतरवली, ती वर्षाला दहा टक्के झीज धरून तीन महिन्यांची. यालाच घसारा म्हणतात. दहाऐवजी पंधरा धरले तरी काकूंचं काही बिघडणार नाही, दर वेळी एकच दर ठेवला म्हणजे झालं.

भांडवल तीन महिन्यांत वाढलं फक्त 2,000 ने. एवढाच नफा? नाही. या काळात घरासाठी रोख आणि बँकेतून मिळून 66,000 काढले गेले, आणि 9,000 चा माल घरी गेला. ते 75,000 दुकानाने कमावल्याशिवाय गेलेच नसते. ते नफ्यात मिळवायचे. उलट मे महिन्यात पुण्यातल्या मुलाने 15,000 पाठवले आणि काकूंनी ते दुकानाच्या खात्यात टाकले. ते बाहेरून आले, दुकानाची कमाई नव्हे; ते वजा करायचे. 2,97,000 मध्ये 75,000 मिळवले, 15,000 वजा केले, सुरुवातीचे 2,95,000 वजा केले. उरले 62,000. तीन महिन्यांचा नफा एवढा.

आता बँकेकडे पुन्हा पाहा. 41,400 वरून 18,800. काकूंना जूनमध्ये वाटत होतं की धंदा बुडतोय, आणि त्यांचं पासबुक त्यांच्याच बाजूने बोलत होतं. पैसा बुडाला नव्हता, जागा बदलून बसला होता. 27,000 फळ्यांवर मालाच्या रूपात गेले, कारण पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यं जास्त भरली. 23,000 उधारीच्या वहीत गेले, कारण जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि निम्मी गल्ली वह्या-पुस्तकांसाठी किराणा उधारीवर नेते. आणि 62,000 कमावणाऱ्या दुकानातून घराने 75,000 घेतले. यातल्या पहिल्या दोन गोष्टींची मला फारशी चिंता वाटत नाही. डाळ विकली जाईल, उधारीही बरीचशी येईल. तिसरी मात्र तशीच चालू राहिली तर दिवाळीचा माल भरायला पैसा राहणार नाही, आणि व्यापाऱ्याकडची वाढीव उधारी महाग पडते, कारण रोखीने मिळणारी सूट त्यात जाते.

या मांडणीत एक सापळा आहे, तो तारखेचा. समजा 30 जूनला दुपारी 14,000 चा तेलाचा माल उतरला. रात्री साठ्यात तो मोजला गेला, पण बिल 2 जुलैला आलं म्हणून देण्याच्या पानावर चढलं नाही. नफा 62,000 ऐवजी 76,000 दिसेल आणि पुढच्या तिमाहीत तेवढाच कमी. एखाद्या तिमाहीत नफा उगीच उसळला आणि पुढच्या तिमाहीत आपटला तर आधी शेवटच्या दोन दिवसांत आलेला माल आणि त्याची बिलं ताडून पाहावीत. मोजलेल्या प्रत्येक पोत्याचे पैसे एक तर दिलेले असले पाहिजेत किंवा देण्यात दिसले पाहिजेत.

मगाशी जी युक्ती राखून ठेवली होती ती आता. रोजच्या पानांवरची विक्री, रोख, यूपीआय आणि उधारी मिळून, तीन महिन्यांची बेरीज आली 8,98,000. या काळात खरेदी झाली 8,36,000 ची. सुरुवातीचा साठा 2,35,000 त्यात मिळवला, घरी गेलेले 9,000 आणि शिल्लक साठा 2,62,000 वजा केले, तर विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत निघते 8,00,000. म्हणजे 8 लाखांचा माल 8,98,000 ला विकला, 98,000 वर सुटले. भाडं 18,000, वीज 5,000, हमाली-टेम्पो 4,500, पिशव्या आणि किरकोळ 3,000, घसारा 1,500, बुडीत उधारी 4,000, असे 36,000 त्यातून गेले की 62,000 उरतात. अवस्था विवरणातूनही 62,000 च आले होते. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, तेव्हा वहीतल्या नोंदी एकमेकींशी धरून आहेत असं समजायला हरकत नाही.

पण नोंदी धरून असणं आणि खऱ्या असणं यात अंतर आहे. घरखर्च लिहायचा राहिला तर दोन्ही वाटांनी नफा सारखाच कमी येईल आणि दोन्ही आकडे खुशाल जुळतील. तिथे कामाला येतो तो काकूंना तोंडपाठ असलेला एक अंदाज: शंभराच्या खरेदीवर किती सुटतात. साखर-तेलात थोडे, साबण-बिस्किटात त्याहून बरे, सुट्या मसाल्यात आणि डाळींत जास्त. काकूंच्या दुकानात जो माल जेवढा खपतो तो धरून सरासरी शंभराला बारा. (खरेदीवर बारा, विक्रीवर नव्हे. विक्रीवर मोजले तर तेच पावणेअकराच्या आसपास येतात, आणि हे दोन मिसळून कित्येकांनी स्वतःला नसलेल्या चोराच्या मागे लावून घेतलं आहे.) 8 लाखांवर बारा टक्के म्हणजे 96,000, विक्री 8,96,000 यायला हवी होती. वहीत 8,98,000. दोन हजारांच्या फरकाकडे बघायचंही नाही.

विक्री 8,70,000 आली असती तर मात्र थांबायला हवं होतं. 26,000 रुपये कुठे गेले? माल फळीवरून गेला आहे, त्याचे पैसे वहीत नाहीत. शोधायचा क्रम मी असा ठेवतो. आधी न लिहिलेली उचल, कारण बहुतेक वेळा तीच असते. मग घाईत द्यायची आणि रात्री लिहायची म्हणून राहिलेली उधारी. त्यानंतर भाव: घाऊक दर वाढला आणि आपण जुन्याच भावाने विकत राहिलो का? तेलाच्या बाबतीत हे सर्रास होतं. मग उंदीर, सांडलवंड, मुदत संपून फेकलेला माल. आणि या सगळ्यातून गेल्यावर उरलं तर चोरी. उलटा क्रम लावला की पहिला बळी दुपारचा पुतण्या ठरतो, आणि पैसे सापडतात फ्रीजवरच्या गणपतीमागे ठेवलेल्या पाकिटात.

आणखी एक आकडा या पानांतून आपसूक मिळतो. तीन महिन्यांची विक्री 8,98,000, म्हणजे याच चालीने वर्षाची 36 लाखांच्या घरात. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि त्या उलाढालीत करपात्र मालाबरोबर सुट्या धान्यासारखा करमुक्त मालही धरला जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काकू त्या रेषेपासून फार लांब नाहीत. दिवाळीचा हंगाम जोरात गेला तर जानेवारी-फेब्रुवारीतच ती ओलांडली जाईल, म्हणून ऑक्टोबरपासून दर महिन्याला बेरीज पाहायची आणि 35 लाख दिसले की कर सल्लागाराकडे जायचं. नोंदणीनंतर छोट्या व्यापाऱ्यासाठी कंपोझिशनची वाट आहे, उलाढालीवर 1 टक्का, पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. आयकरातही छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: रोख विक्रीवर 8 टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरून विवरणपत्र भरायचं, पुस्तकं दाखवायची गरज नाही. त्या सोयीमुळे काही सल्लागार 'वही कशाला?' म्हणतात. सरकारसाठी नसेल लागत. पण काकूंच्या दुकानाचा खरा नफा विक्रीच्या सात टक्क्यांच्या आसपास आहे, आणि रोखीचा-यूपीआयचा वाटा किती हे सांगितल्याशिवाय ती सोय त्यांना फायद्याची की तोट्याची ते सल्लागारालाही ठरवता येणार नाही.

या वहीचा पल्ला मर्यादित आहे. दुसरं दुकान काढलं, भागीदार आला, बँकेचं मोठं कर्ज घेतलं किंवा जीएसटीची नियमित नोंदणी झाली, की एकेरी नोंदीवर भागत नाही. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणारी द्विनोंदी पद्धत आणि बहुधा संगणक लागतो. तोपर्यंत काकूंना रोज दहा मिनिटं आणि तीन महिन्यांतून एक रात्र पुरते. सुरुवात कुठल्याही तारखेला करता येते, 1 एप्रिलची वाट पाहायला नको. आदल्या रात्री गल्ला, बँक, माल, येणं आणि देणं मोजून पहिल्या पानावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पेन गल्ल्याशेजारी दोऱ्याने बांधून ठेवायचं. दोऱ्याने अशासाठी, की काउंटरवरचं मोकळं पेन दुपारपर्यंत गिऱ्हाइकाच्या खिशात जातं.